थकबाकीच्या पत्रातली कुठली वाक्यं अंगाशी येतात

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कंपनीकडे तीन बिलांचे पैसे अडकलेत. पत्राचा मसुदा केलाय, पाठवण्याआधी कोणी नजर टाकेल का? प्रत त्यांच्या मोठ्या कस्टमरलाही टाकावी म्हणतो. मसुदा असा:

«तुम्ही आमची सरळसरळ फसवणूक केली आहे. तुमच्या परचेस मॅनेजरने कमिशन मागितलं, ते दिलं नाही म्हणून त्याने बिलं अडवली. आपल्यात तोंडी ९० दिवसांचं ठरलं होतं, तेही उलटून गेले. दुसऱ्या लॉटमध्ये आमच्याकडून गडबड झाली, माल उशिरा दिला हे मान्य, पण म्हणून पैसे बुडवायचे का? सात दिवसांत सात लाख जमा करा, नाहीतर पोलीस केस करू, जीएसटीत तक्रार करू. अडचण असेल तर हप्त्याने द्या, थोडं कमी-जास्त करू.»

पीओवर पेमेंट टर्म ४५ दिवस आहे. उद्यम नोंदणी जुनी आहे. दुसऱ्या लॉटच्या ५०० पैकी ३८ पीस परत आले होते, ते बदलून दिले. उशीर झाला तो त्यांनी ड्रॉइंगची रिव्हिजन उशिरा मेल केली म्हणून. बिलं: १२ ऑगस्ट २,३६,०००, ३ सप्टेंबर १,७७,०००, २६ सप्टेंबर २,९५,०००. २० नोव्हेंबरला एक लाख ऑन अकाउंट आले.

उत्तर: हे पत्र आहे तसं पाठवू नका, आणि कस्टमरला प्रत तर अजिबात नको. मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात व्यापारी वसुलीचे दावे चालवते. अशी पत्रं माझ्या टेबलावर बहुतेक वेळा उशिरा येतात, म्हणजे समोरच्या पार्टीने ती आपल्या उत्तराला परिशिष्ट म्हणून जोडल्यावर. त्यामुळे मसुदा वाचताना मी समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बसते. कंपनीचा अकाउंट्सवाला हे पत्र एकदा वाचेल. त्यांचा वकील ते पेन्सिल घेऊन वाचेल, आणि पुढेमागे छोट्या उद्योगांचे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेतले किंवा कोर्टातले लोक तुम्हाला न ओळखता, फक्त कागदावरून वाचतील.

तुमच्या मसुद्यात लोकांना आधी टोचेल ती फसवणूक आणि पोलीस केस. पण पैशाच्या हिशेबात तुम्हाला सर्वांत महाग पडणारं वाक्य वेगळंच आहे, आणि ते तुम्ही सभ्यपणे, मोकळ्या मनाने लिहिलंय: «आमच्याकडून गडबड झाली, माल उशिरा दिला हे मान्य.» त्याच्याकडे मी सावकाश येते, कारण तिथेच बराच वेळ द्यावा लागणार आहे.

आधी तपासायची रीत सांगते. मसुद्याची प्रिंट काढा, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडून. प्रत्येक वाक्यासमोर समासात ते वाक्य ज्या कागदावर उभं आहे त्याचं नाव लिहा: पीओ नंबर, चलन, बिल, बँक स्टेटमेंटमधली नोंद, अमुक तारखेचा मेल. समास कोरा राहिला की त्या वाक्यावर फुली. बहुतेक लोक तिथे «आमच्या माहितीप्रमाणे» जोडून वाक्य वाचवायला बघतात. त्याने आरोपाचा कागद तयार होत नाही, आणि बदनामीच्या तक्रारीत तो शब्द ढालही होत नाही. «नेहमी», «सगळे», «जाणूनबुजून», «हेतुपुरस्सर» अशा शब्दांवर तर डोळे झाकून फुली मारा. समोरच्याच्या मनात काय होतं याची पावती कुणाकडेच नसते.

ही रीत तुमच्या मसुद्याला लावली की पहिली फुली आकड्यावरच पडते. «सात लाख» कुठून आले? तीन बिलांची बेरीज ७,०८,०००. त्यातून नोव्हेंबरचे एक लाख वजा केले की ६,०८,००० राहतात. बोलताना आपण सात लाख म्हणतो, पण पत्रात तेच लिहिलं की मिळालेले एक लाख तुम्ही दडवले असा अर्थ निघतो. मग पुढचं सगळं खरं असलं तरी त्यांचं उत्तर त्या एका लाखापासूनच सुरू होईल. ऑन अकाउंट आलेली रक्कम कुठल्या बिलात जमा धरायची हे देणाऱ्याने सांगितलं नसेल तर घेणारा ठरवू शकतो. तुम्ही ती पहिल्या बिलात धरा, म्हणजे त्यावर १,३६,००० बाकी राहतात आणि तिन्ही बाक्या स्वच्छ दिसतात. व्याज या आकड्यात मिसळू नका, ते वेगळ्या ओळीत येईल.

आता «फसवणूक». कायद्यात फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी व्यवहार करतानाच समोरच्याचा हेतू अप्रामाणिक होता हे दाखवावं लागतं. माल घेतला आणि नंतर पैसे दिले नाहीत, एवढ्याने तो होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. तुमच्या केसमध्ये तर त्यांनी नोव्हेंबरमध्ये एक लाख दिलेत, म्हणजे हेतूचा कागद उलट त्यांच्या बाजूने आहे. तो शब्द काढला तर तुमचं काहीच कमी होत नाही. त्याच्या जागी मुदत संपल्याच्या तीन तारखा लिहा, वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

कमिशनचं प्रकरण जास्त नाजूक. मागणी फोनवर झाली असेल तर समासात लिहायला तुमच्याकडे काही नाही. इथे आरोप कंपनीवर नसून एका माणसावर आहे, नाव न लिहिता पदाने ओळखू येणाऱ्या माणसावर, आणि तो तुम्ही त्याच्या मालकांना लेखी कळवताय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा आजही गुन्हा आहे. हक्काच्या ठिकाणी, सद्भावनेने केलेल्या तक्रारीला त्यात अपवाद आहेत, पण «सद्भावनेने» हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. उधारीच्या पत्रात, पैसे मागता मागता केलेल्या आरोपात सद्भावना शोधणं अवघड जातं. शिवाय व्यवहारातली गोष्ट अशी की आपल्या माणसावर आरोप आला की कंपनी एकदम एक होते. कालपर्यंत अकाउंट्सवाला तुमच्या बाजूने कुजबुजत असतो, तोही गप्प होतो. कमिशनची मागणी खरंच झाली असेल आणि मेसेज किंवा साक्षीदार असेल, तर कंपनीच्या वरिष्ठांना वेगळं, गोपनीय पत्र लिहा. त्यात फक्त कोण, कधी, काय बोललं एवढंच. पैशाचा उल्लेख नको. आणि ते पाठवण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. उधारीच्या पत्रात ते वाक्य नको.

कस्टमरला प्रत टाकण्याबद्दलही हेच कारण. ज्याच्याविषयी लिहिलंय त्यालाच पत्र गेलं तर बदनामीचा प्रश्न सहसा उभा राहत नाही. तिसऱ्याला प्रत गेली की राहतो, आणि तो तिसरा त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असेल तर नुकसानभरपाई मागायला त्यांना आयताच आकडा मिळतो. तुमच्या पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात गोपनीयतेची अट आहे का तेही बघा, बहुधा असते. सप्लायर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्राचा फोटो टाकणं हीसुद्धा प्रत देणंच झालं. भोसरी-चाकण पट्ट्यात असा फोटो संध्याकाळपर्यंत त्या कंपनीत पोचलेला असतो.

धमक्यांकडे येऊ. «पैसे द्या, नाहीतर पोलीस केस» या वाक्याची अडचण दुहेरी आहे. गुन्ह्याच्या आरोपाची भीती घालून पैसे काढणं हा प्रकार न्याय संहितेत खंडणीच्या कलम ३०८ मध्ये वेगळा नमूद आहे. तुमचे पैसे खरोखर येणे आहेत, त्यामुळे ते कलम तुम्हाला लागेलच असं नाही. पण समोरच्या वकिलाला ते उत्तरात लिहायची संधी तुम्ही दिलीत. दुसरं म्हणजे, पुढे खरंच तक्रार करण्यासारखं काही सापडलं, तर «दिवाणी उधारी पोलिसांकरवी वसूल करायचा बेत पहिल्यापासून होता» असं म्हणत ते हेच पत्र दाखवतील. जीएसटीची धमकी त्याच जातीची. तिच्यात एक खरी गोष्ट लपलीय: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. तुमच्या पहिल्या बिलाचे १८० दिवस ८ फेब्रुवारीला भरतात. ही माहिती म्हणून एका ओळीत लिहिता येते. «तक्रार करू» हे शब्द मात्र नकोत, कारण कर चुकवल्याची तक्रार ही पैसे मिळाले की मागे घ्यायची वस्तू नाही, आणि तसं सुचवणाऱ्याकडे खातंही संशयाने बघतं.

ज्या कारवाईचा हक्क आहे, जी करायची तयारी आहे आणि जिचं नाव नेमकं माहीत आहे, तेवढीच पत्रात लिहायची. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी पीओच्या आधीची आहे. सूक्ष्म किंवा लघु गटात असाल तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा तुमच्या हातात आहे. करारात काहीही लिहिलं असलं तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. उदाहरणापुरता बँक रेट सहा टक्के धरला तर वर्षाला अठरा, म्हणजे महिन्याला दीड टक्का. ६,०८,००० वर पहिल्याच महिन्याचे ९,१२० होतात आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज चढतं. खरा तक्ता त्या त्या काळातला जाहीर दर घालून सीएकडून करून घ्या. वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो, पुणे विभागाची परिषद आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. परिषदेने तुमच्या बाजूने निवाडा दिला आणि त्यांना तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कंपनीच्या फायनान्सवाल्याला हे सगळं पाठ असतं. «सूक्ष्म, लघु उद्योग सुविधा परिषद» एवढे शब्द त्याला पोलिसांपेक्षा जास्त जागं करतात.

उलट पोकळ धमकी लगेच ओळखू येते. «सात दिवसांत कोर्टात खेचू» असं लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं की तीन लाखांच्या वरच्या व्यापारी दाव्यात, तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. दिवाळखोरीची नोटीस देऊ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की ती वाट २०२० पासून एक कोटीच्या थकबाकीला उघडते. नेटवरून उतरवलेल्या इंग्रजी नमुन्यांत शेवटी «सिव्हिल अँड क्रिमिनल प्रोसीडिंग्ज ॲट युवर कॉस्ट अँड कॉन्सिक्वेन्सेस» अशी आरोळी असते. ती वाचून अकाउंट्समधला माणूस पत्र सरळ «नंतर बघू»च्या फायलीत टाकतो. (तुमच्याकडे त्यांचा बाउन्स झालेला चेक असता तर हे पत्रच वेगळं झालं असतं: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यात चेकची नेमकी रक्कम, आणि काम वकिलाकडे.)

आता त्या सभ्य वाक्याकडे. «आमच्याकडून गडबड झाली, माल उशिरा दिला हे मान्य, पण...» यातलं «मान्य» कागदावर कायमचं राहतं, आणि समोरचा वकील आपल्या उत्तरात «पण»च्या आधीच थांबतो. तो लिहील: «वादीने स्वतःच्या सहीच्या पत्रात सदोष माल व विलंब कबूल केला आहे.» त्याच्या आधारे दुसऱ्या लॉटवर डेबिट नोट येईल, आणि ती ३८ पिसांची असेल असं नाही. तुम्ही «लॉटमध्ये» लिहिलंत, म्हणून १,७७,००० ची येऊ शकते. विलंब कबूल केलात म्हणून पीओतली एलडीची, म्हणजे उशिराच्या दंडाची अट तिन्ही बिलांना लावायचा प्रयत्नही होईल. एका वाक्यात तुम्ही त्यांना सौदा करायला जागा दिलीत.

यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ३८ पीस पत्रातून गायबच करतात. तेही चुकीचं. त्यांचं रिजेक्शन चलन त्यांच्याकडे आहेच, मग लपवणारे तुम्ही ठरता. यातून मार्ग एकच: निष्कर्ष सोडायचा आणि घडलेलं तेवढंच लिहायचं. किती पीस, कुठल्या चलनाने, कधी परत आले, कधी बदलून दिले, कोणी शिक्का मारून घेतले. समजा रिजेक्शन चलन १५ सप्टेंबरचं आहे आणि बदललेले पीस २४ सप्टेंबरला त्यांच्या स्टोअर्सने घेतले. मग पत्रातलं वाक्य असं होतं: «५०० नगांपैकी ३८ नग आपण दि. १५ सप्टेंबरच्या चलनाने परत केले. त्यांच्या बदल्यात दिलेले ३८ नग आपल्या स्टोअर्स विभागाने दि. २४ सप्टेंबर रोजी शिक्क्यासह स्वीकारले. त्यानंतर या मालाबाबत आपली लेखी हरकत आमच्याकडे आलेली नाही.» यात खोटं काही नाही, आणि «गडबड» कुठे आहे ते शोधून दाखवा.

शेवटचं वाक्य उगाच जोडलेलं नाही. एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. हरकत आली असेल तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजायची. वर धरलेल्या तारखांप्रमाणे तुमच्या दुसऱ्या लॉटची हरकत बाराव्या दिवशी, म्हणजे वेळेत आली. म्हणून ४५ दिवस ३ सप्टेंबरपासून न मोजता २४ सप्टेंबरपासून मोजा, ते ८ नोव्हेंबरला संपतात. दोन-तीन आठवड्यांच्या व्याजासाठी ३ तारीख धरून बसलात तर तक्त्यातली पहिली चूक त्यांना सापडेल आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल. पण «आलेली नाही» लिहिण्याआधी मेलबॉक्स नीट चाळा, स्पॅमसुद्धा. त्यांच्या क्वालिटीवाल्याने ऑक्टोबरमध्ये एखादा फोटो पाठवून «प्लीज चेक» लिहिलं असेल आणि तुमच्या सुपरवायझरने «ओके सर» केलं असेल, तर ते वाक्य तसंच्या तसं लिहिता येणार नाही.

उशिराचंही तसंच. रिव्हिजन त्यांनीच उशिरा मेल केली, हे तुम्ही मसुद्यात लिहिलंच नाहीत. प्रश्नात लिहिलंत. मेलची तारीख आणि माल गेल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली की झालं, «त्यामुळे तुमचीच चूक» असं म्हणायची गरज नाही. खरं तर त्यांनी आजवर उशिराबद्दल लेखी काही म्हटलं नसेल, तर पहिल्या पत्रात हा विषय मी काढतच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कशाला द्यायचं? मेल काढून फायलीत लावून ठेवा.

अशीच आणखी एक कबुली मसुद्यात आहे, ती कोणाच्या लक्षात येत नाही: «तोंडी ९० दिवसांचं ठरलं होतं.» पीओवर ४५ आहेत आणि तुम्ही स्वतःच्या सहीने ते दुप्पट करताय. पहिल्या बिलाचे ४५ दिवस २६ सप्टेंबरला संपतात, ९० धरले तर १० नोव्हेंबरला. एमएसएमई कायद्यात ४५ च्या वरचा तोंडी करार टिकणार नाही हे खरं. पण नोंदणीवरून किंवा दुसऱ्या काही कारणाने प्रकरण परिषदेऐवजी साध्या दाव्यात गेलं, तर दीड महिन्याचं व्याज तुम्ही आपणहून सोडलेलं असेल. शिवाय तोंडी बदल होत होते हे एकदा मान्य केलं की, «मग दरातही तोंडी सूट ठरली होती» म्हणायला ते मोकळे.

हप्ते आणि कमी-जास्त करण्याची तयारी असू द्या, पण या पत्रात ती नको. मागणीच्या पत्रातच सूट दिसली की मागणीचा आकडा तिथूनच खाली येतो. तडजोड करायची तर वेगळं पत्र, वर «विदाऊट प्रेज्युडिस» आणि आत खरोखर तडजोडीचाच प्रस्ताव. दोन्ही बाजूंत हा पत्रव्यवहार पुराव्यात आणायचा नाही असं उघड किंवा गृहीत धरलेलं असेल तरच कायदा त्याला बाजूला ठेवतो. नुसता शिक्का मारून काम होत नाही. आणि तो शिक्का मागणीच्या पत्रावर मारू नका. हे पत्र तर तुम्हाला पुराव्यात हवंच आहे.

मी मसुदा असा करेन. पीओ आणि बिल क्रमांक तुम्ही भरा, आणि ३८ पिसांच्या मी धरलेल्या तारखांच्या जागी तुमच्या चलनांवरच्या खऱ्या तारखा घालून मुदत पुन्हा मोजा:

> विषय: थकीत रक्कम रु. ६,०८,००० बाबत
>
> आपल्या पीओनुसार पुरवलेल्या मालाची खालील बिले थकीत आहेत. पीओप्रमाणे पेमेंटची मुदत ४५ दिवस आहे.
>
> दि. १२ ऑगस्टचे बिल रु. २,३६,०००, मुदत २६ सप्टेंबर, बाकी रु. १,३६,०००.
> दि. ३ सप्टेंबरचे बिल रु. १,७७,०००, मुदत ८ नोव्हेंबर, बाकी रु. १,७७,०००.
> दि. २६ सप्टेंबरचे बिल रु. २,९५,०००, मुदत १० नोव्हेंबर, बाकी रु. २,९५,०००.
>
> दि. २० नोव्हेंबर रोजी मिळालेले रु. १,००,००० पहिल्या बिलात जमा केले आहेत.
>
> दि. ३ सप्टेंबरच्या बिलातील ५०० नगांपैकी ३८ नग आपण दि. १५ सप्टेंबरच्या चलनाने परत केले. त्यांच्या बदल्यात दिलेले ३८ नग आपल्या स्टोअर्स विभागाने दि. २४ सप्टेंबर रोजी शिक्क्यासह स्वीकारले. त्यानंतर या मालाबाबत आपली लेखी हरकत आमच्याकडे आलेली नाही. या बिलाची मुदत २४ सप्टेंबरपासून मोजली आहे.
>
> आमची उद्यम नोंदणी सोबत जोडली आहे. एमएसएमई विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ व १६ नुसार विलंबित रकमेवर व्याज देय आहे, त्याचा तक्ता सोबत आहे.
>
> हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रु. ६,०८,००० व देय व्याज आमच्या खात्यात जमा करावे. काही रकमेबाबत आपली हरकत असल्यास बिल क्रमांकासह लेखी कळवावे व हरकत नसलेली रक्कम जमा करावी. अन्यथा आम्ही कलम १८ नुसार सुविधा परिषदेकडे अर्ज करू.
>
> सोबतचा खातेउतारा तपासून सही-शिक्क्यानिशी परत पाठवावा.

खातेउताऱ्याची ही शेवटची ओळ साधी दिसते, पण मला ती या पत्रातली सर्वांत मोलाची वाटते. बाकी मान्य असल्याची सहीची नोंद दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी मिळाली, तर मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने सुरू होते. आत्ताच्या दोन-चार महिन्यांच्या थकबाकीला त्याची घाई नाही, पण ही सही पुढे रकमेचा वादच संपवते. ते सही करणार नाहीत असं तुम्हाला वाटेल. वर्षअखेरीच्या ऑडिटसाठी कंपन्यांनाच अशा उताऱ्यांची गरज असते, म्हणून मार्चच्या आसपास अकाउंट्स विभाग कित्येकदा परचेसला न विचारता तो सही करून पाठवतो. हाच कागद त्यांच्याकडून तुमच्याकडे आला, तर मात्र सही करण्याआधी त्यात त्यांची एखादी डेबिट नोट शिरलीय का ते बघा.

जीएसटीच्या १८० दिवसांची ओळ मी मुद्दाम गाळलीय. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर फेब्रुवारीच्या आधी स्मरणपत्रात टाका.

पत्र लेटरहेडवर, मालकाच्या किंवा भागीदाराच्या सहीने, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच पीडीएफ अकाउंट्सच्या मेलवर. पोचपावती फायलीला लावा, कारण १५ दिवस तिथून मोजायचेत. त्यानंतर त्यांच्या परचेस मॅनेजरचा फोन येईल. आवाज गोड असेल आणि तो विचारेल, «साहेब, त्या सेकंड लॉटचं काय करायचं सांगा?» फोनवर उत्तर देऊ नका, «मेलवर लिहा, बघून कळवतो» म्हणा. व्हॉट्सॲपवर «हो, त्या लॉटला जरा प्रॉब्लेम होता» असं तुमच्या वर्कशॉपमधल्या कोणी टाकलं, तर पत्रातून काढलेली कबुली तिथून परत येईल. पत्र गेल्यापासून त्या कंपनीशी पैशाचं बोलणं एकाच माणसाने करायचं, हे सुपरवायझरलाही आजच सांगून ठेवा.